नजीकचं रेल्वे स्टेशन

भरतीच्या कागदात एक रकाना होता: नजीकचं रेल्वे स्टेशन. मी लिहिलं, करी रोड.

टेबलामागचे हवालदार वाचता वाचता थांबले. "हे काय?"

"स्टेशन, साहेब."

"अरे, लोकलचं नको. गावाकडचं. गाव कोणतं तुझं?"

१९९० सालची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा, लालबागच्या चाळीत जन्मलेला. वडील गिरणीत होते, म्हणजे ८२ च्या संपापर्यंत होते. गाव पाटण तालुक्यात. तिथं मी मे महिन्यात जायचो आणि जत्रेला जायचो, बस्स. पण वडिलांनी निघताना बजावलं होतं, "पत्ता गावचा घाल. पलटणीत गेल्यावर कळेल का ते." थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक म्हणून रिटायर झाले होते. त्यांचंही तेच म्हणणं. मग मी करी रोड खोडलं आणि कराड लिहिलं. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, नजीकचं स्टेशन, सगळं सातारचं. ज्या घरात मी वर्षातले पंधरा दिवस काढायचो, ते कागदावर माझं घर झालं. ज्या खोलीत आईवडील राहत होते, ती कुठल्याच रकान्यात आली नाही.

आबांच्या नात्यावर भरती होईल अशी आधी आशा होती. रेजिमेंटच्या सेंटरला नात्यातल्या पोरांची वेगळी भरती व्हायची, अजून होते. आम्ही तिला 'रिलेशन' म्हणतो. पण तिच्यात सख्खा मुलगा किंवा सख्खा भाऊ लागतो, आणि नातं रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी यावं लागतं. पुतण्या त्यात बसत नाही. म्हणून मी खुल्या भरतीत धावलो.

धावलो तो एकटा नव्हे. म्युनिसिपालिटीच्या शाळेतला माझा एक दोस्त नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचा. आम्ही वर्षभर पहाटे शिवाजी पार्कपासून वरळीपर्यंत धावत होतो. तो माझ्यापेक्षा वेगानं धावायचा. भरतीच्या मैलातही तो माझ्या पन्नास-साठ पावलं पुढं पोचला. त्याचं मूळ गाव मंडणगड तालुक्यात. आम्ही ठरवून ठेवलं होतं, की एकाच पलटणीत जायचं.

त्या काळी जागा वर्गवार यायच्या. 'वर्ग' हा लष्करी कागदांतला शब्द, अर्थ मुख्यतः जात आणि मुलूख. हवालदारांनी दाखले पाहिले आणि आमचे गठ्ठे वेगळे केले. माझा बेळगावला, त्याचा मध्य प्रदेशात सागरला, महार रेजिमेंटच्या सेंटरला. तो म्हणाला, "साहेब, आम्हाला बरोबर जायचंय." हवालदार काही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मराठा सेंटरला तुझ्या वर्गाची जागा नाही रे बाबा." परतताना लोकलमध्ये आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. त्याला वरच्या नंबरानं यश मिळालं होतं आणि तरी काहीतरी नाकारलं गेलं होतं, आणि याबद्दल काय बोलायचं ते मला कळत नव्हतं.

बेळगावला मिरजेवरून गेलो. पुढची लाइन तेव्हा मीटर गेज होती, डबे लहान. सेंटरच्या फाटकात उतरलो तेव्हा उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्या हवालदारांनी, नाव विचारायच्या आधी गाव विचारलं. मी तयारीनं गाव सांगितलं. उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चालतो तर मुंबईकरासारखा." त्या दिवसापासून नऊ-दहा महिने मी मुंबईकर. पण आबांचं नाव घेतल्यावर एक जुने सुभेदार माझ्याकडे येऊन म्हणाले, "त्यांच्याबरोबर मी दोन वर्षं एका बरॅकीत काढलीत. तू काही उलटसुलट केलंस तर पत्र थेट गावाला जाईल, चाळीत नाही." वडिलांनी पत्ता गावचा का घालायला लावला ते मला तिथं कळलं. तो पत्ता म्हणजे एक प्रकारचा जामीन होता.

याच सुभेदारांनी पुढं एकदा रात्रीच्या मार्चनंतर चहा पिताना जे सांगितलं, ते मी नंतर कुठल्याही भाषणात इतकं सरळ ऐकलं नाही. "गोळी आली की पळावंसं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पण बाजूला कोण आहे? तुझ्या मामाच्या गावचा. तू पळालास तर तो सुट्टीवर जाऊन सांगणार. मग तुझ्या बहिणीचं लग्न जमायचं नाही." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

बाकीचं सगळं याच पायावर उभं होतं. लाइट इन्फंट्रीची चाल इतर पायदळापेक्षा जलद, पावलं आखूड, ती अंगात मुरेपर्यंत पोटऱ्या फुटतात. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आरोळी दमातून निघाली पाहिजे, गळ्यातून नाही. संध्याकाळी आम्हाला पलटणींच्या कहाण्या सांगायचे. पहिली पलटण, 'जंगी पलटण', १७६८ ची, मुंबईच्या बेटावरच्या कंपनी सरकारच्या शिपायांतून उभी राहिलेली. म्हणजे रेजिमेंटचा उगम मुंबईचा आणि मी तिथं मुंबईकर म्हणून चेष्टेचा विषय, हे मी एकदा उस्तादांना बोलून दाखवलं आणि त्याबद्दल मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. १९१८ ची, मेसोपोटेमियातल्या म्हणजे आजच्या इराकमधल्या शरकतची लढाई सांगायचे, ११४ व्या मराठा पलटणीची. तीच पलटण १९२२ साली रेजिमेंटची ट्रेनिंग बटालियन झाली आणि बेळगावला आली. म्हणजे आमचं सेंटर ही नुसती शाळा नव्हे. ज्या बरॅकीत आम्ही झोपत होतो ती एका लढलेल्या पलटणीची गादी होती.

१९२२ साली हे करावं का लागलं, तेही तिथंच एका जाणत्या साहेबांनी समजावून दिलं, आणि मला वाटतं सगळ्या व्यवस्थेचं मर्म त्यात आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. कूट अल अमाराला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळ्यांना शरण जावं लागलं. एका दिवसात तीन पलटणी गेल्या. पलटण एकाच वर्गाची असली की तिची भरपाईही त्याच वर्गातून करावी लागते. मग माणसं आणायची कुठून? तेव्हा प्रत्येक पलटण आपली भरती बव्हंशी आपणच करायची, राखीव माणसं थोडी आणि वयस्क. त्यामुळे दुसऱ्या पलटणींतून माणसं उपसून पाठवायची वेळ यायची. ती ना या पलटणीची, ना त्या. युद्ध संपल्यावर पाच लढाऊ पलटणी आणि एक शिकवणारी अशी एकत्र मोट बांधली, म्हणजे भरपाई एका विहिरीतून होईल. विहीर मात्र तीच राहिली: सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, नगर, पुणे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. त्या एका गावची ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली, तिथं शिळेवर तसं कोरलंय. मी ती शिळा पाहिलीय. आकडा वाचून काही वाटत नाही. मग आजूबाजूची घरं मोजायला लागलं की वाटतं.

कसम परेड झाली, पलटणीत गेलो. अक्षर बरं म्हणून वर्षभरात मला कंपनी क्लार्कच्या हाताखाली बसवलं. इन्फंट्रीत कंपनीचा क्लार्क बऱ्याचदा असाच लढाऊ जवानांतला एखादा असतो. सकाळी नफरी काढायची, म्हणजे किती माणसं हजर, किती सुट्टीवर, किती आजारी. सुट्टीचं रजिस्टर ठेवायचं. रेल्वेचे वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाच्या प्रवासाचे कागद, लिहायचे. माझ्या स्वतःच्या वॉरंटवरही कराडच लिहायचो. मग कराडला उतरून, गावात आजीला तोंड दाखवून, एसटीनं मुंबई गाठायची. आईला हे कधीच पटलं नाही.

रजिस्टर हातात आलं तेव्हा पलटण मला वेगळी दिसायला लागली. आमच्या कंपनीतल्या माणसांचे तालुके मी बसल्या बसल्या मोजायचो. पाटण, कराड, शिराळा, शाहूवाडी, संगमेश्वर, पारनेर. काही गावांची तीन-तीन, चार-चार पोरं. यातून येणारी सोय खरी होती. सी.ओ. साहेब, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, केरळचे होते. अधिकारी देशभरातून येतात, त्यांना वर्ग नसतो, पण जवानांची भाषा शिकावी लागते. साहेबांचं मराठी असं की 'ळ' आमच्यापेक्षा चांगला आणि बाकी सगळं गमतीचं. त्यांना आदेश द्यायला दुभाषा लागत नव्हता. अंधारात कोण बोललं ते आवाजावरून आणि हेलावरून कळायचं. नवीन पोरगा आला की त्याला सांभाळणारा कुणीतरी गाववाला निघायचाच. उत्तरेकडच्या पलटणींत अशा गाववाल्याला 'ग्राईं' म्हणतात.

अडचणीही त्याच रजिस्टरात होत्या. दोन नायक, एकाच गावचे, एकमेकांशी बोलत नसत. कामापुरतं हो-नाही. सुभेदार मेजर साहेबांनी शोध घेतला तर बांधाचा वाद निघाला, दोघांच्या वडिलांचा, कोर्टात चाललेला. रात्रीच्या गस्तीत ज्यानं तुमच्या पाठीवर नजर ठेवायची त्याच्या बापानं तुमच्या बापावर फिर्याद केलेली असली, तर ती नजर कितपत भरवशाची? साहेबांनी गाजावाजा न करता एकाची दुसऱ्या कंपनीत बदली केली. मला सांगितलं, "क्लार्कबाबू, यापुढं गस्तीची यादी बनवताना गाव बघ. एका घरचे दोघं एका गाडीत नकोत. एका गावचे चौघं एका गस्तीत नकोत." म्हणजे ज्या गोष्टीसाठी एका मुलखाची पलटण बनवली, तिचाच जोर रोज थोडा थोडा मोडायचा, हे माझं काम झालं.

पण खरा कस लागला १९९३ च्या सप्टेंबरात.

आम्ही तेव्हा उत्तरेत, डोंगरात होतो. पलटण पिकेटांवर, म्हणजे डोंगरावरच्या चौक्यांवर पसरलेली, नफरी ताणलेली. २९ तारखेला अनंत चतुर्दशी. मराठा पलटण कुठंही असो, गणपती बसतो आणि वाजत गाजत जातो. आम्ही ओढ्यात विसर्जन केलं. ढोल होते, झांजा होत्या, लंगरात मोदक म्हणून जे केलं होतं त्याला मोदक म्हणणं धाडसाचं होतं. रात्री उशिरा सगळे झोपले.

सकाळी रेडिओवर किल्लारी हे नाव ऐकलं. पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही ते कुठं आहे. मग उस्मानाबाद, लातूर, उमरगा, औसा ही नावं यायला लागली आणि बरॅकीत माणसं उठून उभी राहिली.

मराठवाडा आमच्या रेजिमेंटचा जुना मुलूख नव्हे. तो निजामाच्या राज्यात होता. पण आमच्या वेळेपर्यंत तिकडची पोरं बऱ्यापैकी आलेली होती. सी.एच.एम., म्हणजे कंपनी हवालदार मेजर, धावत माझ्याकडे आले. "लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्याचे किती?" मी शीट रोल काढले. शीट रोल म्हणजे जवानाची जन्मकुंडली: गाव, पोस्ट, तालुका, वारस, स्टेशन. एकट्या आमच्या कंपनीत त्या दोन जिल्ह्यांचे अकरा निघाले. चार कंपन्या आणि हेडक्वार्टर कंपनी मिळून आकडा पन्नासाच्या आसपास गेला. शेजारच्या डोंगरावर सगळ्या देशातल्या जवानांची एक मिश्र पलटण होती. तिच्या क्लार्कला मी संध्याकाळी लाइनवर विचारलं. त्यांचे दोघं होते. दोघंही दुपारच्या गाडीनं निघाले होते.

आमच्याकडे पन्नास जणांना एकदम सोडलं तर पिकेट रिकामी पडतात. सोडायचं नाही, तर ज्यांच्या घरावर दगडमातीची भिंत कोसळलीय अशी माणसं हातात रायफल घेऊन रात्री पहाऱ्यावर उभी राहणार. फोन लागत नव्हते. तार गेली तरी ती घेणारं पोस्ट ऑफिस उभं आहे की नाही ते कळायला मार्ग नव्हता. सी.ओ. साहेबांनी मला आणि दुसऱ्या क्लार्कांना बसवून तालुक्यांवरून यादी लावायला सांगितली. औसा आणि उमरगा पहिले. त्यातही वारसाच्या रकान्यात आई-बाप किंवा बायको ज्या गावी आहे ते गाव रेडिओच्या बातमीत आलं असेल तर तो पहिल्या गाडीत. बाकीचे टप्प्याटप्प्यानं.

ही यादी बनवताना कागद किती खोटं बोलतात ते दिसलं. औसा तालुक्याचा पत्ता असलेला एक लान्स नायक पहिल्या गाडीत बसला. त्याचं सगळं बिऱ्हाड भोसरीत, भाऊ कारखान्यात. गावात रिकामं घर तेवढं होतं. तो स्वतः बिचारा काही बोलला नाही, कारण चुलते तिथं होते आणि त्याला जायचंच होतं. आणि एक शिपाई होता, शीट रोलवर पत्ता मुंबईचा, घाटकोपर. माझ्यासारखाच, पण उलटा. त्याचा मामा मुंबईत, त्याच्याकडे राहून तो भरती झाला, तोच पत्ता दिला. आईवडील आणि धाकट्या बहिणी किल्लारीजवळच्या गावात. माझ्या यादीत त्याचं नाव आलंच नाही. तो दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. रडत नव्हता. "माझं नाव का नाही?" एवढंच. मी शीट रोल दाखवला. त्यानं तो पाहिला आणि म्हणाला, "भरतीच्या वेळी विचारलं होतं, राहतोस कुठं. मी सांगितलं."

साहेबांनी त्याला त्याच संध्याकाळी सोडलं. दीड दिवस उशीर झाला होता. त्याच्या घरचं काय झालं ते मी इथं लिहिणार नाही, तो अजून आहे आणि त्याला ते आवडणार नाही.

पुढचे दहा-बारा दिवस उरलेल्यांनी दुप्पट पहारे केले. सातारा-कोल्हापूरच्या पोरांनी आपणहून आपल्या सुट्ट्या पुढं ढकलल्या. आपलीच माणसं म्हटल्यावर कुणी कुरकुर केली नाही. हाही त्याच गाठीचा भाग. मिश्र पलटणीत इतक्या सहज ते झालं असतं का, मला सांगता येत नाही. पण मिश्र पलटणीत त्याची गरजच पडली नसती. घरची एक बातमी एकाच वेळी सगळ्या पलटणीच्या काळजात घुसावी, ही आमची रचना होती. १९८४ च्या जूनमध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईची बातमी ऐकून रामगढच्या शीख सेंटरमधले रंगरूट हत्यारं घेऊन बाहेर पडले, त्यांच्या ब्रिगेडियरचा त्यात जीव गेला. त्यानंतर काही पलटणींत वेगवेगळ्या वर्गांच्या कंपन्या मिसळून पाहिल्या, आणि काही वर्षांनी तो प्रयोग बहुतांशी गुंडाळला. आमच्याकडे बंडाचं काही नव्हतं, दुःख होतं. पण वाट तीच.

त्या वर्षी डिसेंबरात सुट्टीवर आलो तेव्हा नायगावचा दोस्तही आला होता. त्याला हा सगळा प्रसंग सांगितला. तो म्हणाला, "आमच्या सेक्शनमध्ये एक ओडिशाचा, दोन बंगाली, एक गुजराती, दोन केरळचे. आमच्यात सुट्टीवरून भांडण होतं ते दुर्गापूजेला कोण आणि ओणमला कोण जाणार यावरून. एकदम पन्नास जण कधी जात नाहीत." महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावलाच उभी राहिली, महार जवानांची म्हणून, पण स्वातंत्र्यानंतर तिच्यात सगळ्या देशाची माणसं येऊ लागली. तिची आरोळी 'बोलो हिंदुस्तान की जय'. तो तिथं हिंदीत विचार करायला शिकला होता, शिव्याही हिंदीत द्यायचा.

मी म्हटलं, "मग तुमचं बरंय."

तो जरा थांबला. "बरंय. पण तुझ्या आबांनी तुला नाव दिलं. बेळगावला कुणीतरी म्हणालं, यांच्याबरोबर मी एका बरॅकीत होतो. आमच्याकडे काय?" मग त्यानं सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्याचे पणजोबा १११ व्या महार पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली म्हणून १९१७ ला ती उभी केली आणि १९२१ ला मोडली. त्याआधी जुन्या मुंबई लष्करात महार पिढ्यान्‌पिढ्या होते, कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत होते, एकाच पलटणीत मराठे, महार, कोळी, बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू, असे सगळे बरोबर असायचे. १८९२-९३ च्या सुमारास वर्गवार पलटणी करायचं ठरलं. लढवय्या जाती कोणत्या याची इंग्रजांनी यादी केली आणि महारांची भरती थांबली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीसाठी अर्ज केले. बेने इस्रायलांचंही तेच. वर्गाची कंपनी नाही म्हणजे बढतीची जागा नाही, हळूहळू ते लष्करातून गेलेच.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "तुझ्या रेजिमेंटला सव्वादोनशे वर्षांची परंपरा आहे. त्यातली पहिली सव्वाशे वर्षं आमचे लोकही त्याच पलटणींत होते. मग ती परंपरा एकट्या तुमची कशी झाली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नीटसं नाही. मी त्याला पिकेटावरचं सांगितलं, की सातारच्या पोरांनी सुट्ट्या सोडल्या. तो म्हणाला, "चांगलं केलं. माझ्यासाठीही सोडल्या असत्या. पण मला तिथं असायला तरी हवं ना."

पुढं कधीतरी २०१३ च्या सुमाराला पेपरात वाचलं, की सुप्रीम कोर्टात लष्करानं सांगितलं: भरती जात, धर्म, मुलूख बघून होत नाही, पण एका भागातल्या लोकांना एका रेजिमेंटमध्ये ठेवणं कारभाराच्या आणि लढाईच्या सोयीचं असतं. मी ते कात्रण दोस्ताला दाखवलं. त्यानं दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचली आणि चहा मागवला.

मी २००७ ला हवालदार म्हणून सतरा वर्षांनी बाहेर पडलो. खोलीवर परतलो, लालबागलाच. आणि पत्त्यानं पुन्हा गाठलं. माजी सैनिकाची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते, जिल्हा कागदावरचा, म्हणजे सातारा. ओळखपत्रासाठी सातारा. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी सातारा. मग नोंद मुंबईला हलवून घ्यायला तिथला ना-हरकत दाखला, त्यासाठी गावच्या तलाठ्याचा रहिवास. तलाठी म्हणाला, "तुम्ही इथं राहत नाही, मग मी कसं लिहून देऊ?" खरंच होतं. एका कचेरीतल्या बाबूंनी तर सरळ विचारलं, "पहिल्यापासून मुंबईचाच पत्ता का नाही दिला?" त्यांना जामिनाची गोष्ट कशी सांगणार? तीन खेपा झाल्या. दाखला अखेर सरपंचांच्या शब्दावर मिळाला. ते माझ्याच कंपनीतले जुने नायक. बांधाच्या वादातले एक.

माझा भाचा डोंबिवलीचा. २०२३ ला अग्निवीर म्हणून लागला. परीक्षा कॉम्प्युटरवर, मग मैदान: सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आले तर पूर्ण गुण, आणि दहा पुल-अप्स. योजना जाहीर करताना सांगितलं होतं, की आता सगळ्या देशातून, सगळ्या वर्गांची भरती. चार वर्षं, मग शंभरातले पंचवीस कायम. त्याला दुसरंच आर्म, म्हणजे लष्कराची दुसरी शाखा मिळाली, बेळगाव नाही. त्याच्या आईला वाईट वाटलं, मला फारसं नाही. त्याच्या ट्रेनिंगला मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या खाटेच्या एका बाजूला मणिपूरचा पोरगा, दुसऱ्या बाजूला झाशीचा. तिघं मिळून उस्तादांच्या नावानं बोटं मोडत होते. मी विचारलं, चार वर्षांनी हे दोघं कुठं असतील? त्यानं खांदे उडवले. "एकाला तर कायम व्हायचंय, मामा. मलाही व्हायचंय. आम्ही एकमेकांचे पुल-अप्स मोजतो."

आम्ही बेळगावला एकमेकांचे पुल-अप्स मोजायचो नाही. कुणाला कमी पडले तर उस्तादांची पाठ वळल्यावर खालून ढकलायचो.

रेजिमेंटची पत्रं, मेळाव्याचं आमंत्रण, वर्गणीची पावती, अजून गावालाच येतात. पत्ता बदलायचा अर्ज मी दोनदा भरलाय, पाठवलेला नाही. चुलतभाऊ पाकिटाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, वर विचारतो, फोडू का?